पाणी कोण भरतं?

लाँड्रीवाला तोंडाने तिखट, पण मनाने हळवा. लेकीचं पहिलं बाळंतपण आलं आणि तिला आई नाही, म्हणून बापानेच जायचं ठरवलं. "बाप काय करणार तिथे? लंगोट इस्त्री करणार?" शेजारचा चांभार हसला. "करीन की! कडक इस्त्री करीन," लाँड्रीवाल्याने ठणकावलं.

पण दुकान कुणावर टाकायचं? काउंटर सांभाळणाऱ्या ताई हुशार होत्या, मात्र मागच्या खोलीतल्या बॉयलरला त्यांनी कधी हात लावला नव्हता. लाँड्रीवाला एकटाच सकाळी लवकर येऊन बॉयलर सुरू करायचा आणि ताई उन्हं वर आल्यावर यायच्या. म्हणून त्याने सगळं काम पायरीपायरीने कागदावर उतरवलं, आणि प्रत्येक पायरीपुढे ते कोणी करायचं हेही लिहिलं. कपडे घेताना गिऱ्हाइकासमोर खिसे उलटे करायचे. डाग, उसवलेली शिवण दाखवून पावतीवर लिहून घ्यायचं. टोकन नसेल तर साक्षात जावई आला तरी कपडा द्यायचा नाही, अडलं तर फोन करायचा.

मग रंगीत तालीम. ताईंनी कागद वाचत काम करायचं आणि त्याने स्टुलावर बसून एक अक्षर बोलायचं नाही. हे दुसरं त्याला फारच जड गेलं. त्या दिवशी ताई त्याच्याबरोबरच सकाळी आल्या. कागदात जिथे काही राहून गेलं होतं तिथे त्या अडायच्या आणि तो मुकाट्याने ओळ वाढवायचा. शेवटी त्या बॉयलरपाशी आल्या.

"दादा, इथे 'स्विच लावायचा' लिहिलंय. पाणी कधी भरायचं?"

"ते तुम्ही भरता ना संध्याकाळी?"

"मी? अहो, मला वाटायचं तुम्हीच भरता!"

दोघांनी एकदमच बॉयलरमधलं पाणी किती ते दाखवणाऱ्या काचेच्या नळीकडे पाहिलं. पाणी वरच्या खुणेला टेकलेलं होतं. दिवसभर वाफ जाते, म्हणजे हे पाणी रोज कुणीतरी भरत होतंच. लाँड्रीवाल्याला एकदम आठवलं. पाणी भरायचं काम त्याच्या बायकोचं होतं. बॉयलर निवला, वाफेच्या दाबाचा काटा शून्यावर आला, की झाकण उघडून लाल मगाने ती पाणी ओतायची आणि तो मग खिडकीत पालथा घालायची. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. दुःखात त्याने हे काम कुणी उचललं ते विचारलंच नव्हतं.

संध्याकाळी त्याने नळी तपासली. पाणी अर्ध्यावर. लाल मग कोरडा होता. स्वतःच्या हाताने कुलूप लावलं, किल्ली खिशात घातली. सकाळी ताईंना सोबत घेऊनच शटर वर केलं. नळी भरलेली. खिडकीत मग पालथा, आणि त्याच्या काठाखाली ओल.

"दादा, मला भीती वाटते हो," ताई कुजबुजल्या.

भीती त्यालाही वाटत होती. पण त्याहून मोठी होती ती खंत. इतके दिवस ती इथेच राबत होती आणि त्याने एकदा हाक मारली नव्हती!

कागद मात्र पुरा करायलाच हवा होता. एखाद्या दिवशी पाणी नसलं आणि ताईंनी स्विच लावला तर? त्याने लिहिलं: नळीत पाणी दोन खुणांच्या मध्ये असल्याशिवाय स्विच लावायचा नाही. रिकामा बॉयलर तापला तर आधी बंद करायचा, पूर्ण निवू द्यायचा, गरम असताना पाणी ओतायचं नाही. रोज संध्याकाळी पाणी भरणे: ताई.

त्या संध्याकाळी काय होतं ते बघायला ताईंनी मुद्दाम पाणी भरलं नाही. दुसऱ्या सकाळी पाणी अर्ध्यावरच होतं. मग कोरडा ठणठणीत.

त्याने पेन उचललं. ताईंच्या नावाची ओळ खोडली तर बायको परत येईल, असं त्याला वाटून गेलं. पण समोर ताई उभ्या होत्या, आणि दुकान त्यांना एकट्याने चालवायचं होतं. त्याने पेन खिशाला लावलं. "मीच हाकललं गं तुला," तो बॉयलरकडे बघत म्हणाला आणि ढसाढसा रडला. ताईंनी झाकण उघडलं आणि मगाने पाणी ओतलं.

तो लेकीकडे पोहोचला तेव्हा ती दिवस भरलेली, पाय सुजलेले. रात्रीच भांडी घासून, पिंप रिकामं करून त्याने पालथं घातलं, सकाळी उठून भरू म्हणून. सकाळी त्याला जाग आली ती लेकीच्या हाकेने.

"बाबा, कशाला इतक्या लवकर उठून पाणी भरलंत? मी केलं असतं की."

तो स्वयंपाकघरात आला. पिंप काठोकाठ भरलेलं होतं. खिडकीत पाण्याचा मग पालथा होता, काठाखाली ओल.

"उचलायचं नाही हं आता काही तू," तो लेकीला म्हणाला. "बघणारं माणूस आहे घरात."

ताईंचा संध्याकाळी फोन आला, दुकान कागदाबरहुकूम चाललंय म्हणाल्या. लेकीच्या घरचं काम मात्र त्याने कशावरही लिहिलं नाही, आणि पाणी कोण भरतं हे कुणाला विचारलंही नाही.