‘नेहमीप्रमाणे करा’ म्हणजे नक्की काय

शहापूरच्या आमच्या पॅथॉलॉजी लॅबमधला कॉम्प्युटर माझ्या ताब्यात. खर्डी, शेणवा, मुरबाड इथल्या केंद्रांवर दिवसभर झालेल्या पेशंटच्या नोंदी रात्री एक वाजता, एकेका केंद्राच्या ओळीने, आपोआप लॅबच्या डेटाबेसमध्ये येतात. याला आम्ही सिंक म्हणतो. तो मध्येच अडकला की माझा फोन बोंबलतो. चार वर्षं मी एकही झोप धड घेतली नव्हती, आणि आता बहिणीचं लग्न मुरबाडला ठरलं होतं. हळदीच्या रात्री तरी फोन बंद ठेवायचा, असा पणच केला मी.

माझ्या जागी बसणार होते रिपोर्ट छापणारे काका. त्यांच्यासाठी मी रनबुक लिहिलं: सिंक अडला तर काय काय करायचं, ते ओळीने. दोन पानं! मला तर वाटलं, झालं, गंगेत घोडं न्हालं.

तरी रंगीत तालीम घेतली, भर दुपारी, डेटाबेसच्या खोट्या प्रतीवर. सिंक मुद्दाम शेणव्याच्या मध्यात तोडला. काकांनी फक्त वाचायचं आणि मी तोंड बंद ठेवायचं, ही अट. माझ्यासारखीला ही केवढी शिक्षा!

काकांनी चष्मा लावला. "पायरी तीन. लॉग बघा आणि नेहमीप्रमाणे पुन्हा चालवा." त्यांनी लॉग, म्हणजे कॉम्प्युटरने ठेवलेली सिंकची नोंदवही, बघितला आणि सिंक पहिल्यापासून चालवला. खर्डीचे सगळे पेशंट दोनदा आले आणि शेणव्याचे अर्धेही दोनदा. एकाच आजीची साखर दोनदा तपासायची निघाली.

"अहो काका, असं नसतं करायचं!"

"तुमी लिवलंय तसंच केलं, ताई. नेहमीप्रमाणे म्हंजे तुमच्या नेहमीप्रमाणे. ते मला काय ठाव?"

राग आला, पण चूक माझीच होती. अर्धवट आलेल्या केंद्राच्या त्या दिवसाच्या नोंदी आधी पुसायच्या आणि मग त्याच केंद्रापासून पुढे चालवायचं, हे माझी बोटं झोपेतही करायची. म्हणून कागदावर आलंच नव्हतं. काकांनी तीनदा तालीम करायला लावली आणि दर वेळी माझं एक ‘समजून घ्या’ खोडलं. दोन पानांची सात झाली.

हळदीच्या संध्याकाळी फोन बंद करून आईच्या पर्समध्ये टाकला. नाचले, जेवले, मेल्यासारखी झोपले.

सकाळी उठल्याबरोबर फोन चालू केला. काकांचा एकही कॉल नव्हता. म्हटलं, नशीब, अडला नसेल. फोनवरच लॉग उघडला, तर शेणव्याचं नेट गेल्यामुळे सिंक मध्येच तुटलेला. अर्धवट आलेल्या नोंदी पुसलेल्या, शेणव्यापासून पुन्हा चालवलेला, मुरबाडपर्यंत सगळं पूर्ण. अर्ध्या तासात!

मला एकदम हुंदकाच फुटला. सुटल्याचा आनंद होता, आणि खोटं कशाला बोलू, माझ्यावाचून अडलं नाही याचा थोडा रागही होता.

आई धावत आली. "अगो, नवरीच्या डोईवर अजून अक्षता पडल्या नाय, नि तू आत्ताच काय रडतेस?"