मार्जिनच्या टेबलावरची घंटाबाई

शेअर दलालांच्या त्या ऑफिसात, तिसऱ्या मजल्यावर, पाण्याच्या कूलरशेजारच्या टेबलावर ज्या बाई बसतात त्यांना सगळे घंटाबाई म्हणतात. तोंडावर नाही हं. तोंडावर म्हणायची छाती आहे कुणाची? त्यांच्या टेबलावरून फोन वाजला की ती धोक्याची घंटा; गिऱ्हाइकाने ओळखायचं, आपले शेअर पडलेत. आता एक तर पैसे भरा, नाही तर शेअर विकले जाणार. एका कापडवाल्याने त्यांचा नंबर ‘उचलू नको’ या नावाने ठेवला होता. बाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, “ठेवू दे की. फक्त त्याला सांगा, फोन उचलला नाही म्हणून विक्री थांबत नाही.”

मार्जिनचा मामला तसा सोपा आहे, फक्त लोकांना तो चढत्या बाजारात ऐकू येत नाही. तुमच्याकडे पाच लाख आहेत. दलाल म्हणतो, पाच मी देतो, दहाचे शेअर घ्या. भाव वाढला तर नफा दहा लाखांवरचा, आणि तो सगळा तुमचा. मग माणूस हवेत चालायला लागतो. पण भाव पडला तर तोटाही सगळा तुमचाच. दलालाचं कर्ज पाच म्हणजे पाच, वर व्याज. म्हणून दलालाची अट असते: शेअरांची आजची जी किंमत असेल, तिच्या शंभरातले निदान तीस तुमच्या पदरचे हवेत. त्याच्या खाली गेलात की घंटाबाईंचा फोन.

आणि तो फोन ऐकण्यासारखा असायचा. गोड बोलणं नाही, घाबरवणं नाही. आधी कर्ज किती, मग शेअरांची आजची किंमत किती, मग तूट किती आणि शेवटी मुदत: उद्या दुपारी बारा. एवढं सांगून झालं की म्हणायच्या, “आता तुम्ही मला सांगा, मी काय सांगितलं ते.” मोठमोठी माणसं शाळेतल्यासारखी आकडे म्हणून दाखवायची. दुसरा एक नियम त्यांनी स्वतःच घालून घेतला होता. कुणी आपल्या तुटीसाठी घरच्या दुसऱ्या माणसाचे शेअर तारण द्यायला निघाला, तर सहीच्या कागदावर त्यांचं भागत नसे. ज्याचे शेअर, त्याच्याशी स्वतः बोलणार. साहेब कुरकुरायचे, की एवढा वेळ कुठे आहे. बाई म्हणायच्या, “वेळ लागतो तो माझा. सही करणाऱ्याची जाते ती आयुष्यभराची कमाई.” साहेब ऐकायचे. बावीस वर्षांत बाईंच्या एकाही विक्रीवर तक्रार टिकलेली नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं.

अशा बाईंच्या यादीत एका मंगळवारी लाल ओळीत त्यांच्या सख्ख्या भावाचं खातं आलं.

दादा घड्याळं दुरुस्त करायचा. वडील गेले तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता आणि ही अकरा. डोळ्याला भिंग लावून, वाकून वाकून त्याने हिची फी भरली, कॉमर्स करवलं, लग्नही करून दिलं. त्याचं स्वतःचं दुकान म्हणजे भाड्याचा गाळा. मालकाने सांगितलं होतं, वर्षअखेर सात लाख आण आणि गाळा तुझा. दादाकडे पाच होते. दोन कमी. आता दोन लाखांसाठी माणसाने सोसायटीचं कर्ज काढावं, मालकाच्या हातापाया पडावं. पण नाही, ह्याला पंप बनवणाऱ्या एका कंपनीचे शेअर दिसले. हजार रुपयांचा एक, असे हजार शेअर. पाच लाख स्वतःचे, पाच लाख मार्जिनचे, आणि खातं कुठे उघडलं? बहिणीच्याच ऑफिसात.

“दादा, नको,” त्या तेव्हाच म्हणाल्या होत्या. “सातशे चौदाच्या खाली भाव गेला तर मलाच तुला फोन करावा लागेल.”

“तुझ्या तोंडाला काही हाड?” दादा हसला होता. “हजाराचा बाराशे होणार आहे, आणि ही सातशे चौदा घेऊन बसलीय.”

तो साडेअकराशे झालाही होता. त्या दिवशी त्याने बहिणीला फोन करून चांगलं अर्धा तास चिडवलं. मग कंपनीचं एक मोठं कंत्राट गेलं आणि भाव उतरायला लागला. त्या मंगळवारी तो सातशेवर आला.

साहेब टेबलाशी आले. भाऊ असल्याचं बाईंनी खातं उघडतानाच लिहून दिलं होतं, त्या खात्यावरच्या प्रत्येक कामाला साहेबांची सही लागायची. “हा फोन दुसऱ्या कुणाला करायला सांगू का?” त्यांनी विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं. “नको,” त्या म्हणाल्या. “परक्याकडून ऐकलं तर त्याला खरं वाटायचं नाही.”

त्यांनी नंबर लावला. त्या टेबलावरचा प्रत्येक फोन रेकॉर्ड व्हायचा, हाही.

“दादा, मार्जिनच्या टेबलावरून बोलतेय. कर्ज पाच लाख. शेअरांची किंमत आज सात लाख. तुझ्या पदरचे राहिले दोन, हवेत दोन लाख दहा हजार. दहा हजारांची तूट आहे. मुदत उद्या दुपारी बारा. आता तू मला सांग, मी काय सांगितलं.”

मग दादा म्हणाला, “दहाच हजार ना? त्यात काय एवढं.”

“आज दहा. उद्या भाव आणखी उतरला तर जास्त. आणि पैसे भरले नाहीस तर दहा हजारांचे शेअर विकून भागत नाही, तेहेतीस हजारांच्या वर विकावे लागतात. विकून आलेला पैसा कर्जात जातो, तुझा वाटा वाढत नाही. म्हणून पसाराच लहान करावा लागतो.”

“मग तुझ्या वहिनीचे तीनशे शेअर आहेत ना ह्याच कंपनीचे, रोख घेतलेले? ते तारण धर. कागद पाठव, ती सही करेल.”

घ्या! आता ह्याला काय म्हणावं? भाव पडतोय म्हणून तारण, आणि तारण कसलं, तर त्याच पडत्या शेअरांचं. आगीवर पाणी म्हणून रॉकेल. पण नियमात बसत होतं. त्या नाही म्हणू शकत नव्हत्या. त्यांनी वहिनींना फोन लावला.

“वन्सं, ते म्हणाले सही कर, म्हणून मी पेन घेऊनच बसलेय,” वहिनी म्हणाल्या.

“पेन खाली ठेवा आणि आधी ऐका. आज तुमच्या शेअरांवर कुणाचं कर्ज नाही. भाव कितीही पडो, ते तुम्हाला कुणी विकायला लावू शकत नाही. सही केलीत की आजची तूट मिटेल, दादाला थोडी उसंतही मिळेल. पण भाव साडेपाचशेच्या खाली गेला, तर मी पुन्हा फोन करेन, आणि तेव्हा त्याच्याबरोबर तुमचेही विकायला निघतील. करायची की नाही, हे मी सांगणार नाही. तुम्ही मला सांगा, मी काय सांगितलं.”

वहिनींनी सगळं नीट म्हणून दाखवलं. शिवणकामातून साठवलेल्या पैशांचे शेअर होते ते. मग त्या म्हणाल्या, “मी सही करत नाही.”

दहा मिनिटांत दादाचा फोन आला. तो काय काय बोलला ते सगळं लिहीत नाही. “तुला शिकवलं ते ह्यासाठी? माझ्याच बायकोला फितवलंस?” एवढं मात्र लिहायला हवं, कारण बाईंना ते पुढे कितीतरी दिवस जेवताना ऐकू यायचं. त्यांनी मधे तोंड घातलं नाही. तो दमला तेव्हा म्हणाल्या, “मुदत उद्या बारा, दादा.”

बुधवारी बाजार उघडला तोच साडेसहाशेला. दुष्काळात तेरावा महिना. आता पदरचे फक्त दीड लाख उरले होते, तूट पंचेचाळीस हजारांवर गेली होती. अकराला बाईंनी फोन केला, दादाने उचलला नाही. साडेअकराला केला, उचलला नाही. स्वतःच्या खात्यातून पंचेचाळीस हजार भरून टाकावेत, असं मनात आलं नाही असं नाही. आलं, चांगलं दोनदा आलं. पण गिऱ्हाइकाची तूट ऑफिसातल्या माणसाने भरायची नाही हा तिथला नियम होता, आणि उद्या भाव सहाशे झाला तर मग काय, हेही त्यांना दिसत होतं. बाराला पाच मिनिटं असताना शेवटचा फोन केला. बारा वाजले. साहेबांनी सही केली आणि बाईंनी विक्री टाकली: दोनशे एकतीस शेअर, साडेसहाशेने. सगळे हजार विकायचा अधिकार ऑफिसला होता. त्यांनी प्रमाण तिसावर येण्यापुरते विकले, एकही जास्त नाही. मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. रडल्या असतील तर त्यांनाच माहीत. बाहेर आल्या तेव्हा यादीत अजून चौदा नावं होती.

गुरुवारी भाव सहाशे दहा. पुन्हा तूट, पुन्हा फोन. ह्या वेळी दादाने उचलला. आवाज अगदी बसलेला. “सगळे वीक,” तो म्हणाला.

“नक्की? किती हातात येतील ते सांगू?”

“सांग.”

“कर्ज फिटून एक लाख एकोणीस हजार. त्यातून व्याज आणि दलाली जाईल.”

पाच लाखांचे एवढेच उरले. गाळा दुसऱ्याने घेतला आणि दादा एका जिन्याखालच्या कोपऱ्यात टेबल टाकून बसला. पंधरा दिवसांनी त्या शेअरचा भाव चारशे वीस होता. वहिनींचे तीनशेच्या तीनशे अजून त्यांच्याच नावावर होते. दादाने बहिणीशी बोलणं टाकलं ते टाकलंच. इकडे साहेबांनी नवीन भरतीला शिकवायला त्या मंगळवारच्या फोनांचंच रेकॉर्डिंग निवडलं. मार्जिनचा फोन कसा करावा, तर असा. नवी मंडळी पलीकडच्या माणसाच्या शिव्या ऐकून हसायची, मग साहेब सांगायचे की तो बाईंचा सख्खा भाऊ आहे, आणि हसणं थांबायचं. बाईंना ते मुळीच आवडायचं नाही.

चार महिने गेले. एका शुक्रवारी टेबलासमोर दोन माणसं येऊन उभी राहिली. एक दादा. दुसरा त्याच्या जिन्याशेजारचा न्हावी, हातात कागदांची पिशवी.

दादा बहिणीकडे न बघता न्हाव्याला म्हणाला, “तुम्हाला मार्जिनवर शेअर घ्यायचेत ना? मग ह्याच टेबलावर घ्या. हिने माझे विकले.”

न्हावी चक्रावला. “अहो, तुमचे विकले, आणि मला इथेच आणलंत?”

“विकले म्हणूनच आणलं,” दादा म्हणाला. “ही माझी धाकटी बहीण. हिने नियमातून मलाही सोडलं नाही, तर तुम्हाला कोण फसवणार इथे?”

“बस की दादा,” त्या म्हणाल्या, आणि डोळे पुसत, लपवायच्या भानगडीत न पडता, त्यांनी न्हाव्यासमोर खुर्ची सरकवली. “सांगा, पदरचे किती आहेत?”