पाहुण्यांनी खाली यावं

पायाला आधार देणाऱ्या कॅलिपरच्या पट्ट्याला खोबरेल चोळताना चामड्याचा वास आला आणि खालापूरच्या आमच्या शाळेचं ते गॅदरिंग आठवलं. पोलिओने माझा डावा पाय लहानपणीच अधू झाला होता, आणि त्या वर्षी नववीत मी गणितात पहिली आले होते. मैदानात बाकं जोडून, वर सतरंजी टाकून स्टेज केलेलं. चढायला एक डुगडुगतं स्टूल. माझं नाव पुकारलं तसे प्रमुख पाहुणे, गावातले एक पुढारी, शिपायाला म्हणाले, "उचलून आन रं तिला, बिचारीला." माझे कान तापले. "कुणी हात लावायचा नाही," म्हणत आमच्या मुख्याध्यापिका बाई माईक सोडून खाली उतरल्या आणि माझ्या शेजारी उभ्या राहून खड्या आवाजात बोलू लागल्या, "हे बक्षीस गणिताचं आहे, पायाचं नाही. यंदा हिच्यासाठी वर्ग माडीवरून खाली आणला, त्याला टाळ्या नकोत. ते आठवीतच करायला हवं होतं. तेव्हा ही बसून बसून जिना चढायची आणि आम्ही हिच्या जिद्दीचं कौतुक करत राहिलो. आज स्टेज बांधतानाही हिला विसरलो, ती चूक माझी. पाहुण्यांनी आता खाली यावं." धोतर सावरत ते उतरले तेव्हा शिपायाने त्यांना हात दिला, पण त्यांना कुणी बिचारे म्हटलं नाही. उद्या त्याच शाळेत मी पाहुणी आहे. "स्टेजला पायऱ्याच आहेत, पण मुलं उचलतील तुम्हाला," असं आताचे मुख्याध्यापक फोनवर म्हणाले. मी सांगितलं, "माईक खाली लावा. आणि खुर्च्याही सगळ्या खालीच मांडा, तुमचीसुद्धा."