तुटलेले दात आणि तारेनं बांधलेला जबडा

वागळे इस्टेटमधून घरी येताना रिक्षा उलटली आणि ह्यांचा जबडा मोडला, पुढचे दातही तुटले. मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा तोंडातून रक्त येत होतं.

डॉक्टर म्हणाले, "ॲडमिट करून भूल देऊन जबडा तारेनं बांधावा लागेल."

आमच्या मेडिक्लेममध्ये दातांचे उपचार वगळलेले होते. ह्यांना आत नेल्यावर मी घाबरतच विमा कार्यालयात फोन लावला. तिथल्या बाई म्हणाल्या, "एरवी दातांचं मिळत नाही. पण अपघातानं तुटलेत आणि त्यासाठी ॲडमिट करावं लागलंय ना? मग मिळेल. डिस्चार्ज कार्डावर अपघात लिहून घ्या. नंतर कवळी बसवलीत, तर तिचं मात्र मिळणार नाही."

तेवढ्यापुरता जीव भांड्यात पडला. पण ह्यांना बाहेर आणलं तेव्हा नर्सनं तार कापायची पक्कड माझ्या हातात दिली. "उलटी झाली तर श्वास अडकेल. लगेच तार कापायची."

क्लेम पुढे मंजूर झाला. त्या दिवशी मात्र ती पक्कड घट्ट धरून मी ह्यांच्या ओठांकडे बघत बसलेले.