शिवणसम्राज्ञीचं अर्धं पान

माझ्या परिचयाच्या पहिल्याच ओळीत मी ‘शिवणसम्राज्ञी’ होते. दुसऱ्या ओळीत ‘नारीशक्तीची धगधगती मशाल’ आणि तिसरीत ‘शेकडो भगिनींची अन्नदात्री’. हे मी मनानं लिहिलेलं नव्हतं हो! नालवाडीतल्या आमच्या महिला मंडळानं माझा सत्कार केला, तेव्हा शाल-नारळासोबत मानपत्र दिलं होतं. ते फ्रेम करून दुकानात गणपतीच्या फोटोशेजारी टांगलेलं होतं. मी ते खाली उतरवलं आणि जसंच्या तसं कागदावर उतरवून काढलं.

कारण तसंच होतं. वर्ध्यातल्या एका महिला प्रशिक्षण केंद्राला शिवणकाम शिकवणारी बाई हवी होती. डिप्लोमा नसला तर अनुभव चालेल, पण अर्ध्या पानाचा परिचय द्या, त्यावरून मुलाखतीला बोलावू, असं त्यांनी कळवलं होतं. मी दहावी नापास. एकवीस वर्षं नवऱ्याच्या किराणा दुकानामागच्या खोलीत मशीन चालवली, पण कुणीतरी आपल्याला मॅडम म्हणावं ही हौस शाळेत असल्यापासूनची. डिप्लोम्याशिवाय आत घेणारं दुसरं दार मला ठाऊक नव्हतं. जे काही व्हायचं ते त्या अर्ध्या पानावर होणार होतं.

आमच्या गल्लीत एक काकू राहतात. एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क होत्या, जन्मभर लोकांचे अर्ज वाचले. शुद्धलेखन तपासून घ्यावं म्हणून त्यांच्याकडे गेले. त्यांनी चष्मा लावला, पहिली ओळ वाचली आणि हसायलाच लागल्या.

“काऊन वं, हे शिवणसम्राज्ञी कोण?”

“मीच.”

“असं कोण म्हणते?”

“मंडळ म्हणते.”

“मंडळ तुले नोकरी देऊन राह्यलं का?” मग त्यांनी पेन्सिल घेतली. “शेकडो भगिनी म्हणते. मोज बरं.”

मी बोटांवर मोजलं. शिवण शिकून गेलेल्या अठरा. त्यातल्या पाच आज स्वतःच्या ऑर्डरी घेतात.

“मंग अठरा लिव, पाच लिव. शेकडो वाचलं का साहेब पान उलटवते. पाच वाचलं का थांबते, कोण पाच म्हणून इचारते.”

माझं डोकं सणकलं. आयुष्यात एकदा कुणी सम्राज्ञी म्हटलं, तेही खुपलं का यांना? घरी येऊन रागारागात दुसरा कागद लिहिला: ‘मी एक साधी गृहिणी. थोडंफार शिवते. माझ्या हातून अल्पशी सेवा घडली, इतकंच.’ घ्या म्हटलं, आता तरी गोड लागेल.

काकूंनी तोही वाचला. “हे त्याच्याहून वाईट,” त्या म्हणाल्या. “आधी ढोल वाजवला, आता तोंड लपवून राह्यली. अल्पशी सेवा म्हणजे काय? समोरच्यानं म्हणावं, नाई हो ताई, तुमी लय मोठ्या! हे बी भाव खाणंच झालं. मोठेपणाचे शब्द काढ म्हटलं होतं, काम काढ नव्हतं म्हटलं.”

त्यांनी चहा ठेवला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, “दुसऱ्या कोण्या टेलरनं केलं नाई अन् तू केलं, असं काही आहे का?”

होतं. पण ते मी मानपत्रातही येऊ दिलं नव्हतं.

माझी मोठी नणंद वडनेरला दिलेली. सहा-सात वर्षांपूर्वी गाठ निघाली आणि ऑपरेशनमध्ये एका बाजूची छाती काढावी लागली. जखम भरली, पण ताई घराबाहेर पडेनात. लग्न नाही, हळदीकुंकू नाही, पदर घट्ट लपेटून आतल्या खोलीत. मी त्यांच्यासाठी एक ब्लाउज बेतला. आतून मऊ मलमलचं अस्तर, एका बाजूला त्याच अस्तराचा खिसा, त्यात कापसाची गादी. हात वर जात नव्हता म्हणून काखेजवळचा मुंढा सैल. पुढं दवाखान्यातून एकीनं दुसरीला सांगितलं आणि अशा बाया माझ्याकडे येत राहिल्या. आजवर सव्वीस. मागच्या खोलीचं दार लावून मापं घेतली, आणि कुणाजवळ चकार शब्द काढला नाही.

हे सगळं पहिल्यांदाच सांगून होईस्तोवर काकूंचा चहा निवून गेला होता. “अवं येडे,” त्या म्हणाल्या, “हाच तुझा परिचय आहे. पण जिची गोष्ट आहे तिले आधी इचारजो. अन् तिच्यासमोर वाचजो. जे तिच्यासमोर वाचवत नाई, ते खोडजो.”

दुसऱ्या दिवशी बसनं वडनेर गाठलं. ताई ओसरीवर तूर निवडत होत्या. मी वाचलं: ‘शस्त्रक्रियेनंतर छाती काढावी लागलेल्या स्त्रियांसाठी मी खिशाचा ब्लाउज स्वतः शोधून काढला. आजवर सव्वीस जणींना शिवून दिला.’

ताईंचा हात सुपातच थांबला. मला वाटलं, संपलं. नोकरीही गेली आणि नणंदही.

मग त्या म्हणाल्या, “स्वतः शोधून काढला?”

“हो ना.”

“अन् मोहरी कोणं सांगतली?”

खरंच की! नुसत्या कापसाची गादी हलकी, ती वर सरकायची आणि ब्लाउज एका अंगाला ओढला जायचा. चार वेळा उसवून मी थकले होते. तेव्हा ताईच म्हणाल्या होत्या, त्याले वजन पाह्यजे, मोहरीची पुरचुंडी घालून पाह्य. धुताना काढायची, वाळल्यावर परत घालायची. त्या मोहरीनं सगळं जुळलं. आणि मी विसरले होते. सम्राज्ञी खोडली होती, पण तिचा तोरा ‘स्वतः’ या एका शब्दात शिल्लक राहिला होता. मला माझीच लाज वाटली.

ओसरीवर बसूनच मी ते वाक्य बदललं: ‘शस्त्रक्रियेनंतर छाती काढावी लागलेल्या स्त्रियांसाठी मी खिशाचा ब्लाउज बेतला. त्याच्या गादीत वजनासाठी मोहरी घालण्याची युक्ती तो पहिल्यांदा वापरणाऱ्या बाईंची. आजवर सव्वीस जणींना शिवून दिला.’

“सव्वीस राहू देजो,” ताई म्हणाल्या. “ते खरं आहे. माह्यं नाव नको.”

त्या कागदावर आता अठरा होत्या, पाच होत्या, सव्वीस होत्या, ‘दहावी नापास’ही होतं, काकूंनी खोडू दिलं नाही. मशाल तेवढी विझली. मुलाखतीत समोर बसलेल्यांतल्या मधल्या मॅडमनं ब्लाउजच्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, “हा ब्लाउज इथल्या मुलींना शिकवाल?” बाकी काही विचारलंच नाही. मी हो म्हटलं आणि रडले, तिथंच, त्यांच्यासमोर.

पहिल्या दिवशी केंद्रातल्या बाईंनी माझा तोच परिचय वर्गाला वाचून दाखवला. कोपऱ्यातून एक मुलगी म्हणाली, “मॅडम, मोहरीची युक्ती कोणाची?” मी म्हटलं, “त्यांचं नाव सांगायचं नाही, असा शब्द दिलाय.”

दारापाशी स्टुलावर ताई बसल्या होत्या. नवी मास्तरीण पाहायला म्हणून वडनेरहून आल्या होत्या, इतक्या वर्षांनी चारचौघांत पहिल्यांदा. त्या उठल्या, पिशवीतून मोहरीची पुरचुंडी काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि पोरींकडे तोंड करून म्हणाल्या, “माही होय.”