शरणम्मानं धुतलेले मास्क

शरणम्माला वाया गेलेलं काही बघवत नसे. सोलापुरातल्या त्या सरकारी दवाखान्याच्या क्षयरोग वॉर्डात ती अकरा वर्षं कंत्राटी मावशी होती आणि या अकरा वर्षांत तिनं औषधांची रिकामी खोकी, सुतळी, घासून संपत आलेला साबण, सगळं जपलं होतं. सिस्टर चेष्टा करत, "मावशी, आमची सर्दी तेवढी उरली बघा, ती पण ठेवा डब्यात." ती हसायची आणि खोकं उचलायची.

एका दुपारी डॉक्टर प्रियदर्शनीनं तिच्याकडं उदबत्ती मागितली. शरणम्माला वाटलं, शेवटी यांनाही देवच आठवला! पण बाईंनी पेटवलेली काडी वॉर्डाच्या दाराच्या फटीशी धरली. धूर आत न जाता सरळ बाहेर व्हरांड्यात आला, सिस्टरांच्या टेबलाकडं.

"बघितलंत मावशी? रुग्ण खोकतात ती हवा आपल्याच तोंडाशी येतेय. धूर आत जायला हवा आणि तिथून पंख्यानं मोकळ्यावर."

त्याच दिवशी त्यांनी मोठ्या साहेबांना पत्र लिहिलं. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाच्या रुग्णांसाठी दोन वेगळ्या खोल्या, ज्यांतली हवा बाहेर ओढली जाईल आणि दवाखान्यात परत फिरणार नाही. आणि वॉर्डात काम करणाऱ्यांसाठी दर महिन्याला दीडशे एन-९५ मास्क, कारण साधा कापडी मास्क असल्या हवेपुढं काही कामाचा नाही. पत्र पोचवायचं काम शरणम्माचंच. आवक टेबलावरच्या बडेसाब कारकुनानं शिक्का मारला आणि ती शिक्का ओला असेपर्यंत तिथंच उभी राहिली. वाचता येत नसलं तरी हे पत्र आपल्यासाठी आहे, एवढं तिला कळलं होतं. असं कुणी तिच्यासाठी काही लिहिलं नव्हतं.

पाच आठवड्यांनी उत्तर आलं. खोल्यांचा प्रस्ताव बांधकाम विभागाकडं पाठवला आहे. मास्कबाबत, वॉर्डाला तीन महिन्यांपूर्वी दिलेल्या शंभरांपैकी ऐंशी अजून शिल्लक आहेत. वापर नगण्य असल्यानं मागणी मान्य करता येत नाही.

डॉक्टरबाईंना ते खोटंच वाटलं. त्यांनी शरणम्माच्या कमरेची किल्ली मागून कपाट उघडलं. वीस-वीसची चार खोकी, सीलबंद. मग सगळे रोज घालतात ते कुठून येतात?

शरणम्मानं मोठ्या अभिमानानं त्यांना गच्चीवर नेलं. दोरीवर वीस मास्क उन्हात वाळत होते, धुऊन पांढरेशुभ्र.

"मागल्या साली चार महिने तोंडाला पदर बांधून काम केलं की म्याडम. आता आलेत तर जपून वापरायचे. रोज सांजच्याला साबणानं धुते. एक बी टाकला न्हाय."

डॉक्टरबाई गच्चीच्या कठड्यावर बसल्या. रागवायचं त्यांनी ठरवलं असावं, पण त्यांनी दोरीवरचा एक मास्क काढून हातात घेतला.

"मावशी, हा धुवायचा नसतो. साबणपाण्यानं त्याची बारीक कण धरायची ताकद जाते. दिसतो तसाच, पण आत काही राहत नाही."

"चांगला दिसतोय की."

"तेच तर."

शरणम्मानं स्वतःच्या हातानं दोरी सोडली. एवढं वाईट तिला नवरा गेला तेव्हाही वाटलं नसेल. चोरी केली असती तर निदान कुणी ओरडलं असतं. त्या दिवशी कुणीच ओरडलं नाही.

पुढल्या महिन्यात शरणम्माला खोकला लागला. धुळीचा असेल म्हणून तिनं अंगावर काढला. मग थुंकीचा अहवाल आला. क्षय, तोही औषधांना दाद न देणारा. डॉक्टरबाईंनी दुसरं पत्र लिहिलं आणि तो अहवाल त्याला जोडला. या वेळी पत्र न्यायला शरणम्मा नव्हती. आठवड्यात दीडशे मास्क मंजूर झाले. खोल्यांचा प्रस्ताव अजून विचाराधीन होता. शरणम्माला तिनंच अकरा वर्षं पुसलेल्या कोपऱ्यातल्या खाटेवर ठेवलं.

तिच्या जागी वळसंगची मायाक्का आली. शुक्रवारी तिनं शरणम्माच्या उशाशी देवाची उदबत्ती लावली, व्हरांड्यात गेली, जेवणाचा डबा उघडण्याआधी मास्क काढला आणि दारातून हाक मारली, "आक्का, हा धुऊन ठिवू का? लई चांगला हाय अजून."

"टाक त्यो! टाक म्हणते न्हवं! आन् तोंड झाक आदी!"

एवढं ओरडल्यानं शरणम्माला खोकल्याची उबळ आली. तिनं पदर तोंडात कोंबला, भिंतीकडं वळली, पण उबळ थांबेना. उशाशी लावलेल्या उदबत्तीचा धूर तिच्या खाटेवरून निघाला आणि उघड्या दारातून मायाक्काच्या उघड्या तोंडाकडं जाऊ लागला.