दोन कॅमेऱ्यांचं एक घड्याळ

"सहाशे लग्नं पाहिली, पण एकाही लग्नाला मी गेले नाही," असं ताई एकदा तिच्या धाकट्या बहिणीला म्हणाली होती. बहीण चिडली होती. तिचंही खरं होतं. तिच्या लग्नात ताई तिच्या शेजारी उभी असल्याचा एकही फोटो नाही. सगळे फोटो ताईनेच काढलेले.

सव्वीस वर्षं ताईने हेच केलं. लग्नाच्या सीझनचे चार महिने मान वर करायला उसंत नाही, आणि उरलेले आठ महिने त्या चारांच्या कमाईवर ढकलायचे. त्या आठांत ओळखपत्राचे फोटो, शाळेचे वर्गफोटो, नाहीतर कुणाच्या दुकानातल्या चपला पांढऱ्या कागदावर मांडून. जाहिरात तिने केली नाही. "ती आईचा फोटो काढते" एवढंच एका घरातून दुसऱ्या घरात गेलं. नवरी गाडीत बसायला निघाली की सगळे कॅमेरे गाडीकडे वळतात. ताई गाडीकडे पाठ करून, मागे राहिलेल्या आईकडे कॅमेरा धरून उभी राहायची. तेवढ्यावर नाव झालं.

नावाची गोम अशी, की ते एकाच माणसाच्या अंगाला बसतं. तारखा सगळ्यांना त्याच हव्या असतात. एका घरी ताई गेली की चार घरांना नकार. त्यात गुडघेदुखीने डोकं वर काढलं. म्हणून तीन वर्षांपूर्वी तिने जोडीला मास्तरीण घेतली. ती शाळेत चित्रकला शिकवायची, म्हणून हे नाव. हात चांगला, नजर त्याहून चांगली. पण तिला एकटीला पाठवते म्हटलं की फोनवर ठरलेला प्रश्न येई, "पण तुम्ही स्वतः येणार ना?"

शेवटी गेल्या महिन्यात मास्तरीण म्हणाली, "पुढच्या सीझनचं एक तरी लग्न माझं म्हणून मिळू दे, ताई. नाहीतर मी शाळेत परत जाते. तुमची सावली होऊन किती फिरू?"

ताईने तारखांची डायरी उघडली आणि तशीच मिटली.

आज सकाळी एका नवरीची आई आणि आत्या ताईच्या स्टुडिओत, स्क्रीनवर अल्बमचे फोटो निवडायला आल्या होत्या. त्या लग्नाला ताई आणि मास्तरीण मिळून गेल्या होत्या. निघण्याआधी दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं सेकंदापर्यंत जुळवली होती, म्हणजे सगळे फोटो वेळेप्रमाणे एका रांगेत लागतात. नंतर ताईने त्यांना ओळीने नवे नंबर दिले. कुठला कुणाचा, हे आता फक्त त्या दोघींना ठाऊक.

"वहिनी, हा घ्या. यात मी बारीक दिसते," आत्या म्हणाली.

"दिसता कुठे? निम्म्या खांबामागे आहात."

"म्हणूनच तर घ्या म्हणते!"

ताई नंबर लिहीत होती. पलीकडच्या टेबलावर मास्तरीण फोटोंच्या कडा कापत होती. मान खाली, पण कात्री मघापासून थांबलेली. निवडलेले फोटो बहुतेक तिचेच होते.

मग तो फोटो आला. गाडी निघून गेलेली. रिकाम्या फाटकाशी आई एकटी, हातात लेकीच्या घरात घालायच्या जुन्या चपला.

आई स्क्रीनकडे झुकली. "या मी हातात धरल्या होत्या, हे मला माहीतच नाही," ती म्हणाली. "हे तुम्हालाच दिसतं हो. माझ्या धाकटीच्या लग्नाची तारीख लिहून घ्या. पण तुम्ही स्वतः यायचं."

गप्प बसणं सोपं होतं. ताईने पेन खाली ठेवलं.

"तो माझा नाही. हिचा आहे. मी तेव्हा गुडघा धरून पायरीवर बसले होते."

आईने खुर्ची वळवली. "तुम्हाला कसं दिसलं?"

मास्तरीण चाचरली. "ताईंनी शिकवलंय. गाडीकडे बघायचं नाही."

"मग धाकटीला तुम्हीच या," आई म्हणाली, आणि मागे वळून मायेने, "तुम्ही आता जरा आराम करा हो, ताई. किती धावाल?"

ताईने डायरी मास्तरणीपुढे सरकवली. तारीख मास्तरणीने आपल्या हाताने लिहिली. तिच्या तोंडावर हसू मावत नव्हतं आणि ताईकडे बघायला ती धजत नव्हती. मग आत्याने तिला स्क्रीनजवळ ओढलं, जागा हवी म्हणून ताई उठली, आणि आत्या तिच्या खुर्चीत बसली.

"आता ह्यात मी बारीक दिसते की नाही, खरं सांगा!"

तिघींची डोकी एकत्र झुकली, उजेड तिघींच्या गालांवर. छान फोटो झाला असता. ताईचा हात आपसूक गळ्यापाशी गेला. तिथे कॅमेऱ्याचा पट्टा नव्हता.

दारापाशी तिने आपल्या चपला उचलल्या, क्षणभर हातातच धरल्या. मग पायांत सरकवल्या आणि ती बाहेर पडली.